बाळाच्या शूच्या जागेची स्वच्छता

तान्ह्या मुलीची किंवा मुलाची शूची जागा रोज कशी धुवायची आणि तिथलं काय हात न लावता सोडून द्यायचं, ते या नोंदीत आहे. धुण्याचं काम दोन मिनिटांचं, कोमट पाणी आणि मऊ सुती कपडा एवढंच लागतं. खरा घोळ होतो तो चिकटलेल्या कातडीवरून, आणि नागपुरात तो बहुतेक वेळा मालिशच्या पाटावरच सुरू होतो.

मालिशवाली बाई तेल लावता लावता मुलाच्या नुन्नीची कातडी मागं ओढते आणि म्हणते, "रोज नाही ओढली तर पुढं त्रास होते हो बाई." तिचा हेतू चांगलाच असतो, पण गोष्ट उलटी आहे. जन्मतः ती कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते, जसं नख खालच्या मांसाला चिकटलेलं असतं तसं, आणि वर्षानुवर्षं हळूहळू आपोआप सुटते. डेन्मार्कच्या याकोब एस्टर या डॉक्टरांनी शाळकरी मुलं तपासून 1968 साली जे छापलं त्यात 6-7 वर्षांच्या 63 टक्के मुलांची कातडी थोडीतरी चिकटलेली होती, 16-17 वर्षांपर्यंत ते प्रमाण 3 टक्क्यांवर आलं. म्हणजे दोन वर्षांच्या पोराची मागं जात नाही हा आजार नाहीच. जोरात ओढली की बारीक चिरा पडतात, त्या भरताना कडक वण होतो, आणि जी कातडी आपली आपण सुटली असती ती मग खरोखरच आवळून बसते. शू करताना टोक फुग्यासारखं फुगलं आणि धार नीट येत असेल, दुखत नसेल, तरी घाबरायचं नाही. कातडीखाली साबुदाण्याएवढा पांढरा दाणा दिसला तर तो पू नाही, सुटलेल्या पेशींचा मळ असतो, तो स्वतःच बाहेर येतो, पिळायचा नाही. पण ओढलेली कातडी बोंडामागं अडकून सुजली आणि पुढं येईना तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

मुलींचं वेगळं. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात पांढरं पाणी जातं, कधी रक्ताचा एखादा डागही दिसतो, ते आईच्या हार्मोनचा असर उतरल्यामुळं, आणि थांबतं. तोच असर संपल्यावर आतले नाजूक ओठ कोरडे, पातळ राहतात, त्यात डायपरची ओल, शी, साबण यांनी आग झाली की दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात. त्यामुळं हे जन्मतः नसतं, साधारण तीन महिन्यांनंतर दिसायला लागतं.

माझ्या नात्यातल्या एका 14 महिन्यांच्या मुलीचं असंच झालं. मे महिना, नागपूरचं ऊन, घरात कूलर सुरू आणि पोरीला दिवसभर डायपर, पुरळ आली म्हणून आजी रोज बेसन-हळद लावून घासायची. एके दिवशी आईनं पाय फाकवून पाहिलं तर मधे भोकच दिसेना, फक्त एक बारीक राखाडी रेघ. रडारड झाली, कोणीतरी सोनोग्राफी करा म्हणालं. बालरोगतज्ज्ञांनी दिव्याखाली पाहिलं, रेघ मधोमध आणि पातळ होती, वरच्या टोकाला शूसाठी जागा मोकळी होती, धार सरळ येत होती. त्यांनी काही दिलं नाही, सोनोग्राफीही नाही. बेसन बंद, साबण बंद, कोमट पाण्यानं पुढून मागं धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि दुपारी दोन-तीन तास डायपरशिवाय सुती लंगोट. रेघ अजून अर्धी आहे, पोरगी मजेत आहे. अशी बहुतेक प्रकरणं वयात येईपर्यंत आपोआप सुटतात.

औषध कधी? शू अडते, उठल्यावर थेंब थेंब गळत राहते, जळजळ, किंवा लघवीचं इन्फेक्शन परत परत होतं तेव्हा. मग डॉक्टर इस्ट्रोजनचं मलम देतात, बोटाच्या टोकावर थोडंसं घेऊन फक्त त्या रेघेवर, काही आठवडे. छाती थोडी फुगली किंवा तिथली कातडी काळवंडली तर डॉक्टरांना सांगायचं, मलम थांबवलं की ते जातं. घरात बोटानं फाडून काढायचं नाही हो, पोरीला भयंकर दुखतं आणि कच्च्या कडा परत चिकटतात, आधीपेक्षा जाड. मलमानं सुटल्यावरही पुन्हा चिकटू शकतं म्हणून नंतर काही महिने व्हॅसलिनचा पातळ थर देतात.

रोजचं धुणं असं: मुलीला पुढून मागं, शी झाली असेल तर प्रत्येक वेळी नवा कपडा, ओठांच्या आतला पांढरा थर खरवडायचा नाही. मुलाला बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच, आत तेल सोडायचं नाही. धुरी घेताना दोघांचीही ती जागा झाकायची. मुलाला ताप आणि टोक लाल, सुजलेलं, किंवा टोकाला पांढरा कडक कडा आणि धार बारीक होत चाललेली दिसली तर डॉक्टरकडे न्यायचं.