परतीची हाक कशी येते?

‘हल्लीची मुलं प्राध्यापकांना सरळ नावाने हाक मारतात, आदर म्हणून काही उरलाच नाही’ ही तक्रार सगळ्यांनी ऐकलेली असते. ‘आमच्या कंपनीत सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, इथे कोणी साहेब नाही’ ही फुशारकीही तितकीच ओळखीची. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना असली तरी समजूत एकच आहे: हाक मारताना कोणता शब्द वापरला, यावरून आदर कळतो. संशोधकांनी लोकांच्या हाका टिपून घेतल्या, तेव्हा चित्र जरा निराळं निघालं.

हे काम रॉजर ब्राउन आणि मार्गुरिट फोर्ड यांनी 1961 साली प्रसिद्ध केलं. त्यांनी अमेरिकन नाटकांतले संवाद तपासले, बोस्टनच्या एका कंपनीत कोण कोणाला काय म्हणतं ते पाहिलं, काही अधिकाऱ्यांनाही विचारलं. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद उरलेला नाही, त्यामुळे तिथे सगळा भार हाकेवर पडतो. मुख्य पर्याय दोनच: पहिलं नाव, किंवा पदवी, म्हणजे ‘मिस्टर’, ‘डॉक्टर’ असं काही, आणि आडनाव. महत्त्वाचं हे की त्यांनी एकेक हाक सुटी मोजली नाही, जोडी मोजली. अ हा ब-ला काय म्हणतो, आणि ब परत अ-ला काय म्हणतो.

जोड्या तीन प्रकारच्या निघतात. दोघंही एकमेकांना पदवीने हाक मारतात, हे नव्या ओळखीचं लक्षण. दोघंही पहिल्या नावाने हाक मारतात, ही जवळीक. आणि तिसरा प्रकार एकतर्फी: एक म्हणतो ‘डॉक्टर’, दुसरा म्हणतो नुसतं नाव. वर-खाली असतं ते या तिसऱ्या प्रकारात.

म्हणजे नुसतं पहिलं नाव ऐकून काहीच ठरवता येत नाही, कारण तोच शब्द जिवलग मित्रालाही वापरतात आणि हाताखालच्या माणसालाही. पदवीचंही तसंच, ती अनोळखी माणसाला लावतात आणि वरिष्ठालाही. अर्थ लावायचा तर परतीची हाक ऐकावी लागते. प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने बोलावतात आणि विद्यार्थी ‘सर’ म्हणतो, ही उतरंड झाली. दोघंही नावाने बोलत असतील, तर विद्यार्थ्याच्या तोंडचं तेच नाव उद्धटपणाचं ठरत नाही.

एकतर्फी हाक कशामुळे येते? ब्राउन-फोर्ड यांना दोन कारणं दिसली: वय आणि हुद्दा. दोन्ही एकाच बाजूला झुकत असतील तर प्रश्नच नाही. पण तरुण अधिकारी आणि त्याच्याहून बराच वयस्क सफाई कामगार समोरासमोर आले तर? तिथे हुद्दा जिंकत होता. अधिकारी वयस्क कामगाराला नावाने हाक मारायचा आणि कामगार त्याला पदवी लावून आडनावाने. ‘वयाचा मान’ आपण तोंडाने कितीही म्हणालो, तरी त्या नोंदींत तो हुद्द्यापुढे टिकला नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पदवीवरून नावावर यायचं झालं, तर सुरुवात कोण करतं? जवळपास नेहमी वरचा माणूस. कारण नकाराच्या भीतीत आहे. वरिष्ठाने ‘मला नावाने हाक मार’ म्हटलं तर कनिष्ठ नाही म्हणण्याची शक्यता फार कमी. कनिष्ठाने आपण होऊन नाव घेतलं आणि वरिष्ठाने भुवई उंचावली, तर तो तोंडघशी पडतो. त्यामुळे जवळ येण्याचं बटण एकाच्याच हातात राहतं. गंमत अशी की समानतेची घोषणाही मग वरूनच होते. स्वीडनमध्ये पूर्वी समोरच्याशी बोलताना पदवी वापरून तृतीयपुरुषी बोलत, ‘डॉक्टरांना कॉफी हवी का?’ असं, डॉक्टरांनाच. ती रीत मोडत चालली होती. पण त्या बदलाशी नाव जोडलं गेलं ते ब्रोर रेक्सेद यांचं, कारण 1967 साली त्यांनी आपण सगळ्या कर्मचाऱ्यांशी एकेरीतच बोलणार असं जाहीर केलं. रेक्सेद हे आरोग्य खात्याचे प्रमुख होते. तिथल्या कारकुनाने हेच जाहीर केलं असतं तर? तेव्हा ‘आमच्याकडे कोणी साहेब नाही’ हे वाक्य साहेबाच्या तोंडून ऐकलं, तर फार भाळून जाऊ नये.

सवलत मिळाली तरी ती वापरणं सोपं नसतं. कालपर्यंत ‘प्रोफेसर’ म्हणणाऱ्याची जीभ नावावर अडखळते, आणि पदवी वापरावी तर आज्ञा मोडल्यासारखं होतं. मग माणूस काहीच म्हणत नाही. घसा खाकरतो, ‘एक मिनिट हं’ म्हणून बोलायला लागतो. असा हाकेविना चाललेला संवाद ऐकू आला, तर ते नातं दोन प्रकारांच्या मधोमध लटकलेलं आहे, असं बहुधा समजावं.

सुझन अर्विन-ट्रिप या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी हे नियम पायऱ्यापायऱ्यांच्या आकृतीत मांडले. समोरची व्यक्ती प्रौढ आहे का? नाव माहीत आहे का? नातलग आहे का? मित्र किंवा सहकारी आहे का? हुद्द्याने वर आहे का? असेल, तर तिने नाव घ्यायची सवलत दिली आहे का? प्रत्येक ‘हो’ किंवा ‘नाही’ला वाट फुटते आणि शेवटी हाक मिळते. आकृतीचा खरा उपयोग नियम मोडला जातो तिथे दिसतो. त्यांनी घेतलेलं उदाहरण आल्विन पूसाँ या कृष्णवर्णीय डॉक्टरांचं आहे. मिसिसिपी राज्यात एका गोऱ्या पोलिसाने त्यांना ‘ए पोरा’ म्हणून नाव विचारलं. ते म्हणाले, ‘डॉक्टर पूसाँ. मी डॉक्टर आहे.’ पोलिसाने पुन्हा विचारलं, ‘पहिलं नाव काय तुझं, पोरा?’ आकृतीवर बोट ठेवून चला. प्रौढ? हो. पण ‘पोरा’ने ती पहिलीच पायरी नाकारली. नाव माहीत? आता हो, पदवीसह सांगितलं. मित्र? नाही. म्हणजे वाट सरळ ‘डॉक्टर पूसाँ’कडे जाते. पोलिसाने ते उत्तर ऐकलं आणि तरी पहिलं नाव मागितलं. म्हणूनच याला अज्ञान म्हणता येत नाही, नियम जाणूनबुजून मोडला गेला.

पण परतीची हाकच नसेल तर? व्यासपीठावर वक्त्याची ओळख करून देतात तेव्हा वक्ता उलट हाक मारत नाही. अशा वेळी एकाच जागी वेगवेगळ्या माणसांना काय म्हटलं जातं, याची तुलना करावी लागते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या व्याख्यानांच्या 321 ओळखींचा असा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. पुरुषाने पुरुष वक्त्याची ओळख करून देताना 72.4 टक्के वेळा पहिल्याच उल्लेखात पदवी लावली होती. वक्ता स्त्री असताना 49.2 टक्के. स्त्रियांनी ओळख करून दिली तेव्हा हा फरक जवळजवळ नव्हता, दोन्हींकडे आकडा 95 किंवा त्याहून वर.

या आकड्यांतून ओळख करून देणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळत नाही. एखाद्याने मैत्रीपोटी नुसतं नाव घेतलं असेल. पण तेवढ्याने 72 आणि 49 मधला फरक समजावून सांगायचा, तर पुरुष डॉक्टरांची स्त्री वक्त्यांशी इतर पुरुषांपेक्षा जास्त मैत्री होती, असं मानावं लागेल.