खालून येणारा ठोका

मागच्या गळीत हंगामात शिरोळकडच्या एका ऊसवाहतूकदाराचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुरुस्तीला आला. तक्रार एकच होती: रिकामा असताना जेमतेम ऐकू येणारा ‘ठक ठक’ आवाज उसाची ट्रॉली चढाला लागली की घणासारखा घुमतो. मालकाला वाटत होतं की पिस्टन वाजतोय.

तसं वाटणं साहजिक आहे, कारण लोड आला की दोन्ही आवाज वाढतात. पिस्टनचा व्यास 100 मिलिमीटर आणि जळताना दाब 80 बार धरला, तर पिस्टनच्या डोक्यावर क्षणभर सहा टनांहून जास्त भार येतो. तो सगळा कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर उतरतो. रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये असतो बेअरिंगचा पातळ शेल आणि ऑइलचा त्याहूनही पातळ थर. शेल झिजून फट वाढली की ऑइल बाजूनं निसटतं आणि धातूवर धातू आपटतो. पिस्टनचं दुखणं वेगळं. रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन लायनरच्या भिंतीवर रेटला जातो. दोघांत फट जास्त असेल तर तो एका भिंतीवरून दुसरीवर आदळतो. हा आवाज पोकळ असतो आणि ब्लॉकच्या वरच्या भागात जास्त ऐकू येतो.

खरा निवाडा उष्णता करते. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून इंजिन तापलं की फट भरते आणि सकाळचा आवाज दबतो. बेअरिंगचं उलट असतं. तापलेलं ऑइल पातळ होतं, थर भार पेलत नाही, ठोका वाढतो.

मिस्त्रींनी गार इंजिन चालू करून लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला टेकवला आणि मूठ कानाशी धरली. आवाज बारीक होता. ट्रॅक्टर तासभर लोडवर फिरवून आणल्यावर तोच आवाज ठळक झाला, आणि आयडलला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला. मग एकेका नॉझलच्या पाइपचा नट सैल केला. दुसऱ्या सिलिंडरचं डिझेल तुटताच ठोका मंदावला. (ही युक्ती जुन्या पंपाच्या इंजिनावरच करावी. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. ती धार कातडीत घुसते.) या चाचणीनं सिलिंडर कळतो, दुखणं नाही, पिस्टनचा आवाजही अशानं मंदावतो. म्हणून तापण्याची परीक्षा आणि काटा आधी.

“मालक, आता ट्रॉली जोडायची न्हाई,” एवढंच बोलून मिस्त्रींनी चेंबर उतरवलं. तळाच्या ऑइलमध्ये तांबूस कणी चमकत होती. दुसरा रॉड धरून वर-खाली ढकलला तर हाताला टिचकी लागली. बाजूला थोडा सरकणं ठीक, वर-खाली खेळ मुळीच नको. कॅप खोलल्यावर शेलचा राखाडी मुलामा जाऊन खालचं तांबं उघडं पडलेलं दिसलं.

क्रँकपिन मायक्रोमीटरनं दोन आडव्या-उभ्या दिशांत मोजली. ती अंडाकृती झाली होती. नुसता नवा शेल तिच्यावर टिकला नसता. क्रँक 0.25 मिलिमीटर ग्राइंड करून त्या मापाचे अंडरसाइज शेल बसवले. त्याआधी क्रँकमधली ऑइलची भोकं तार घालून, डिझेलनं धुऊन काढली. तिथंही तांबूस कणी निघालीच.