‘फिट’ आणि ‘अनफिट’च्या मधलं पत्र: लाइट ड्युटीची पार्श्वभूमी

ऑपरेशननंतर कामावर रुजू होताना डॉक्टरचं पत्र लागतं हे सगळ्यांनाच माहितीये. पण त्या पत्रात ‘पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, वजन उचलायचं नाही’ असं लिहून आलं की आपल्याकडे ऑफिसात गोंधळ का उडतो, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

गिरण्यांच्या काळात हा प्रश्न कागदावर यायचाच नाही. आजारी माणसाच्या जागी बदली कामगार उभा राहायचा, आणि परतल्यावर हलकं काम मिळणार की नाही हे कामगार नेमणाऱ्या मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या मर्जीवर असायचं. मग १९४८ चा कामगार विम्याचा कायदा आला, आजारपणात पैसे मिळायला लागले आणि सोबत सर्टिफिकेटची शिस्त आली, पहिलं, मधलं आणि शेवटचं म्हणजे फायनल. फायनलवर तारीख पडली की त्या दिवसापासून माणूस कामाला फिट. याच कायद्यात अशीही अट आली की ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा आजारपणाचा भत्ता मिळत नाही. दोनदा पैसे घेऊ नयेत म्हणून ती अट ठीकच, पण तिच्यामुळे अर्ध्या दिवसाला जागाच उरली नाही, चार तास काम केलं तरी त्या दिवसाचा भत्ता गेला. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांतला फॉर्मही तसाच, माणूस बरा झालाय आणि कामावर यायला फिट आहे, एवढंच.

ब्रिटनने २०१० मध्ये मधली वाट काढली. तिथल्या सर्टिफिकेटवर ‘काही बदल केले तर कामाला फिट असू शकतो’ असा पर्याय आला आणि खाली चार चौकटी: टप्प्याटप्प्याने रुजू होणं, कामाचे तास बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, जागेत सोयी करणं. कंपनीवर ते बंधनकारक नाही, पण बदल जमत नसेल तर तोच कागद ‘अनफिट’ म्हणून धरला जातो, माणूस अधांतरी राहत नाही. आपल्या खाजगी कंपन्यांच्या एचआरमध्ये ‘फेज्ड रिटर्न’ हा शब्द पोचला, मागची ही व्यवस्था मात्र आली नाही.

आणि खरा घोळ ‘लाइट ड्युटी’ या शब्दाचा आहे. मी बरीच वर्षं पर्सोनेल खात्यात काढलीत म्हणून सांगतो, हा शब्द डॉक्टर एका अर्थाने लिहितो आणि सुपरवायझर दुसऱ्याच अर्थाने वाचतो. आमच्याकडे अंधेरीच्या पॅकिंग युनिटमधला एक जण, रोज २५ किलोचे खोके उचलणारा, हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके घालून जाळी बसवलेली. तीन आठवड्यांनी पत्र घेऊन आला, ‘फिट फॉर लाइट ड्युटी’. सुपरवायझरने प्रामाणिकपणे हलकं काम दिलं, गेटवर एन्ट्री लिहायची, पण खुर्ची नाही, आठ तास उभं, आणि त्याआधी विरारहून सकाळच्या गर्दीत दांड्याला लटकून यायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जांघेत सूज, शिंकलं तरी कळ. परत डॉक्टरकडे.

दुसऱ्या पत्रात ‘लाइट’ हा शब्दच नव्हता. दोन आठवडे अकरा ते तीन, म्हणजे पीक अवर टळेल. ५ किलोच्या वर उचलायचं नाही, ओढायचं-ढकलायचं नाही, बसून काम, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं नाही. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण वेळ पण वजन १० किलोपर्यंतच. सूज किंवा दुखणं वाढलं तर थांबून दाखवायला यायचं, नाहीतर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तपासणी, आणि २५ किलोचा निर्णय त्या तपासणीनंतर. ऑपरेशनचं नाव सोडलं तर आजाराबद्दल एक ओळ नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर, सुपरवायझरला आजार नाही, काय चालेल आणि काय नाही ते हवं असतं. हे वाचून सुपरवायझरने पाच मिनिटांत त्याला टेबलावर बसवून लेबलं तपासायला दिली.

अडलं ते अकाउंट्समध्ये. फायनल सर्टिफिकेट आधीच लागलेलं, त्यामुळे भत्ता बंद, आणि चार तासांचा पगार कुठल्या नियमाने द्यायचा? वरून निरोप आला, ‘फुल फिट लिहून आणा नाहीतर घरी बसा’. मला हे पटलं नाही आणि आजही पटत नाही, कारण फुल फिट लिहून आणलं की त्याला खोके उचलायला नाही म्हणायचा आधारच उरत नाही. शेवटी दोन आठवड्यांचे बारा अर्धे दिवस म्हणजे सहा रजा, त्याच्या खात्यात नऊ शिल्लक होत्या, त्यातून वळत्या केल्या. म्हणजे त्याची टप्प्याटप्प्याने रुजू होण्याची किंमत त्यानेच स्वतःच्या रजेतून भरली. रजा नसत्या तर त्याने पहिल्याच दिवसापासून पूर्ण वेळ भरला असता, हे तो स्वतःच म्हणाला.

पुढच्या तपासणीनंतर तो खोक्यांवर परत गेला. आमच्या जॉइनिंग फॉर्मवर चौकटी अजून दोनच आहेत, फिट आणि अनफिट, त्याचं पत्र मागे टाचणीने लावलेलं आहे.