आई फोन उचलत नाही

पुण्यात सकाळचे सात, न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ. मुलगी रोजच्या वेळेला फोन लावते आणि रिंग वाजत राहते. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिच्या पोटात गोळा येतो. पन्नास वर्षांपूर्वी अशी धास्ती इतक्या लवकर वाटायचं कारणच नव्हतं.

१९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि मराठी घरांतली मुलं तिकडे जाऊ लागली. तेव्हा खुशाली एरोग्रामने कळायची. पत्राला दहा-पंधरा दिवस, उत्तराला तितकेच. तीन आठवडे काही आलं नाही तर टपाल रखडलं असेल म्हणत. भीती असायची ती तारेची. १९७६ साली मुंबई-लंडन थेट डायल करता येऊ लागलं, पण बहुतेक घरांत फोनच नव्हता. मग शेजाऱ्यांचा ‘पी.पी. नंबर’ दिला जाई. शेजारच्या काकू आईला हाक मारायला जात आणि ती नसली तर सांगत, “अगं, देवळात गेल्यात, अर्ध्या तासाने कर.” फोन न मिळण्याचं कारण तिथल्या तिथे कळत असे.

पुढे फोन घरात आला, मग मोबाइल हातात आला आणि काकू मधून निघून गेल्या. माझ्या मते आजच्या काळजीचं मूळ इथे आहे. फोन रोजचा झाला, त्यामुळे एक चुकलेला फोनही खुपतो. पण आई अंघोळीला गेलीय, फोन सायलेंटवर राहिलाय की ती बाथरूममध्ये पडलीय, हे सांगणारं कुणी उरलं नाही. २०१४ला व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका आल्या. त्या निळ्या झाल्या नाहीत की घोर आणखी वाढतो.

२०१७च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेहून मुंबईला आलेल्या एका मुलाला बंद फ्लॅटमध्ये आईचा सांगाडा सापडला. त्यांचं शेवटचं बोलणं वर्षभराहूनही आधी झालं होतं. त्या बातमीनंतर परदेशातल्या कितीतरी मुलांनी आपल्या घराचा विचार नव्याने केला असेल.

अशा वेळी ११२ आठवतो, पण अमेरिकेतून तो फिरवला तर भारतात लागत नाही. पुण्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा पूर्ण नंबर +९१ २० लावून आधीच जपून ठेवावा लागतो. त्याहून जवळचा आधार म्हणजे समोरच्या दाराचा नंबर. समोरच्यांना आधी विचारायचं ते दुधाच्या पिशवीबद्दल आणि पेपरबद्दल: दोन्ही उचललेले असतील तर आई सकाळी उठली आहे. दाराशीच पडून असतील तर बेल वाजवायची, आणि उत्तर नाही आलं तर किल्लीने लॅच उघडायचं. इथेच बहुतेक घरांत अडतं. शेजाऱ्यांकडे किल्ली असते, पण एकटी राहणारी आई रात्री आतून कडी लावून झोपते, आणि त्या कडीपुढे किल्लीचं काही चालत नाही. मग सुतार बोलवा, पोलीस बोलवा, दार फोडा, यात तास जातो. म्हणून न्यू जर्सीतल्या मुलीने गेल्या सुट्टीत आईशी दोन दिवस वाद घालून ती कडी काढून घेतली.