झाकण उघडलेला सम्प आणि हवा खेळवलेला सम्प

सोसायटीच्या मैलापाण्याच्या सम्पचं झाकण सकाळी काढून ठेवायचं, तासाभराने वाकून वास घ्यायचा आणि "आता गेला गॅस" म्हणून माणूस उतरवायचा, ही पद्धत अनेक ठिकाणी चालते. झाकण उघडलेला सम्प आणि हवा खेळवलेला सम्प वरून अगदी सारखे दिसतात. दोन्हींचं तोंड उघडं असतं आणि दोन्हींचा वास वर कमी झालेला असतो. तळाशी मात्र एकात माणूस काम करू शकतो आणि दुसऱ्यात दोन-चार श्वासांत कोसळू शकतो.

त्याआधी एक गोष्ट ठरवून टाकू. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. सम्पलाही हाच दंडक लावा. मैला सक्शन टँकरने उपसता येत असेल, भिंती वरूनच जेटिंगने धुता येत असतील, तर कोणालाही उतरवायचं नाही. पुढचं सगळं अगदीच नाइलाज असेल तेव्हाचं आहे, उदाहरणार्थ पंपाच्या तोंडाशी अडकलेला कपडा यंत्राने निघत नसेल तेव्हाचं.

आता झाकण उघडण्याने नेमकं काय होतं ते पाहू. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि आतला ऑक्सिजन संपत जातो. मिथेन हलका असल्याने वर येतो, उघड्या तोंडातून काही प्रमाणात निघूनही जातो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खाली बसतात. चार मीटर खोल खड्ड्याला एकच तोंड असेल, तर नवी हवा आत ढकलणारं आणि जुनी बाहेर काढणारं तिथे काहीच नसतं. वरचा मीटरभर भाग सुधारतो, तळ तसाच राहतो.

वासावर तर अजिबात विसंबू नका. सडक्या अंड्यांचा तो वास अगदी कमी गॅसलाही येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही, गॅस वाढला असंही असू शकतं. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे आणू नये. ऑक्सिजन बराच कमी झाल्यावर ज्योत विझते खरी, पण माणूस मारण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असतानाही ती जळत राहू शकते, आणि मिथेन असेल तर स्फोट होऊ शकतो.

हवा खेळवणं म्हणजे ब्लोअरने बाहेरची स्वच्छ हवा नळीतून तळापर्यंत ढकलणं. समजा सम्प ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ४ मीटर खोल आहे. उपसल्यावर आत सुमारे ३६ घनमीटर जागा उरते. नळीच्या वळणांमुळे होणारी घट धरून ब्लोअर तासाला ९०० घनमीटर हवा देत असेल, तर एवढ्या जागेइतकी हवा साधारण अडीच मिनिटांत आत जाते. अर्ध्या तासात बारा वेळा. पण हा हिशोब नळीचं टोक कुठे आहे यावर उभा आहे. टोक तोंडापाशी लोंबकळत ठेवलं तर हवा आत शिरून तिथूनच परत येते आणि ब्लोअर तासभर चालला तरी तळ हलत नाही. टोक गाळापासून हात-दीड हातावर हवं. ब्लोअर वारा येतो त्या बाजूला, जनरेटर आणि टँकरच्या धुरापासून दूर ठेवा, नाहीतर तो धूरच आत जाईल. ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडू नका. ऑक्सिजन वाढला की छोटीशी ठिणगीही भडकते.

दोन सम्पमधला फरक डोळ्यांना नाही, चार गॅसच्या मीटरला कळतो. मीटर आधी चाचणी-गॅस देऊन चालतो का ते पाहायचं, मग दोरीने किंवा नळीने वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी निदान दोन मिनिटं धरायचा. लांब नळी असेल तर हवा मीटरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ त्यात वाढवायचा. घाईने घेतलेलं तळाचं माप बहुतेक वेळा मधल्या थराचंच असतं. आमच्या ३६ घनमीटरच्या सम्पमध्ये तासभर नुसतं झाकण उघडं ठेवल्यावर मापं अशी येऊ शकतात, ऑक्सिजन म्हणजे O2 टक्क्यांत आणि हायड्रोजन सल्फाइड म्हणजे H2S पीपीएममध्ये: वर O2 20.8 आणि H2S 0, मध्ये 20.1 आणि 8, तळाशी 18.2 आणि 60. वरच्या मापावर विसंबलेला सुपरवायझर याच सम्पला सुरक्षित ठरवेल. उतरण्यासाठी तिन्ही ठिकाणी O2 19.5 ते 23.5 च्या मध्ये, H2S 10 च्या खाली, LEL म्हणजे स्फोटाला पुरेल अशा किमान गॅसच्या प्रमाणाच्या 10 टक्क्यांच्या खाली हवं आणि CO म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजता कामा नये. ब्लोअर लावून अर्ध्या तासाने तळाचं माप 20.9 आणि 2 आलं, तर हवा खेळली.

इथेच बहुतेक जण चुकतात. तळाच्या गाळात गॅस अडकलेला असतो. पाय पडला किंवा फावडं लागलं की तो एकदम सुटतो आणि 2 चे 60 व्हायला क्षण पुरतो. म्हणून माणूस उतरण्याआधी वरूनच लांब बांबूने किंवा जेटिंगने गाळ ढवळून पुन्हा माप घ्या. वाढलं तर गाळ अजून उपसायला हवा. आणि काम चालू असताना ब्लोअर एक मिनिटही बंद करायचा नाही, मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू ठेवायचा. चहाला वर आलेला माणूस पुन्हा उतरताना माप नव्याने घ्या.

सम्पमध्ये पाणी येण्याचा मार्गही बंद हवा. येणाऱ्या लाइनला प्लग लावा, नाहीतर मध्येच कोणीतरी टाकी सोडली की मैला आत येतो. पंपांचा पॅनेल बंद करून कुलूप लावा आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात द्या. फ्लोट स्विच वर उचलला की पंप आपोआप सुरू होतो, तेव्हा नुसता "बंद" केलेला स्विच पुरत नाही. हे सगळं, मापांच्या वेळांसकट, उतरण्याच्या परमिटवर लिहून सुपरवायझरने सही करावी.

उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस हवा, दोर वरच्या तिवईच्या विंचला बांधलेला हवा. तोंडावरचा कापडी किंवा फिल्टरचा मास्क ऑक्सिजन देत नाही. माप चांगलं नसेल तर मास्कने ते चांगलं होत नाही. वर एक माणूस फक्त त्याच्याशी बोलत उभा असावा, त्याला दुसरं काम देऊ नये. मीटर वाजला, उत्तर आलं नाही किंवा ब्लोअर थांबला की त्याने ओरडून बाहेर बोलवावं आणि माणूस हलत नसेल तर विंच फिरवावा. स्वतः उतरू नये. पहिला पडला म्हणून धावून उतरलेला दुसराही तिथेच पडतो, अशा दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. विंचने वर आणल्यावर १०८ ला फोन करा आणि श्वास चालू आहे का बघा. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, पण तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, कारण त्याच्या श्वासातून आणि कपड्यांतून तोच गॅस येऊ शकतो.