खादी की खादीसारखं? कापड घेण्याआधी टॅग, बिल आणि दुकान असं तपासा
(आमच्या शिलाई दुकानातून ग्राहकांसाठी माहितीपत्रक, बेळगाव)

लग्नसराई आली किंवा ऑक्टोबर उजाडला की कुर्त्या-झब्ब्यांसाठी खादी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. पिशवीतून निघणारं कापड मात्र दर वेळी खादी असतंच असं नाही. कुणी हातमागाचं आणतं, कुणी पॉवरलूमचं, कुणी नुसतं खरखरीत कापड. दुकानदाराने ‘खादीच आहे’ म्हटलेलं असतं आणि दरही खादीचाच घेतलेला असतो. एकदा कात्री लागली की कापड परत करता येत नाही, म्हणून घेण्याआधी काय पाहायचं ते इथे लिहून दिलं आहे.

खादी कशाला म्हणायचं?

१९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्यात याची व्याख्या आहे. कापूस, रेशीम किंवा लोकर यांचं भारतात हाताने कातलेलं सूत, किंवा त्यांतल्या दोन-तीन प्रकारांचं मिश्रण, भारतातच हातमागावर विणलं की ते कापड खादी. म्हणजे अटी दोन: सूत हातकताईचं हवं आणि विणाई हातमागाची. दुसरी अट बहुतेकांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो पहिलीत, कारण हातमागावर गिरणीचं सूत चढवून विणलेलं कापडही दिसायला तितकंच साधं, तितकंच देखणं असतं. ते चांगलं कापड आहे, पण खादी नाही.

आपल्या भागात हा गोंधळ जास्त होतो, कारण इथे माग काही नवीन नाहीत. शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत विणकरांची घरं आहेत, पलीकडे बागलकोट जिल्ह्यात इलकलचा हातमाग आहे. ‘आमच्याकडे मागावरचं आहे’ हे दुकानदाराचं म्हणणं खरंही असू शकतं. तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचा: सूत कुठलं?

डोळ्यांनी कळतं का?

लोक सांगतात, खादीचा धागा कमीजास्त जाड असतो, गाठी दिसतात. हे अर्धंच खरं आहे. आता बहुतेक खादी-सूत निघतं ते नव्या पद्धतीच्या, सहा-आठ किंवा त्याहून जास्त चात्यांच्या चरख्यावर. त्यात पेळू रुळांमधून ओढला जातो, त्यामुळे सूत बऱ्यापैकी एकसारखं येतं. चांगल्या कातणाऱ्याच्या हातची बारीक खादी गुळगुळीत असते. उलट गिरणीत ‘स्लब’ नावाचं सूत मुद्दाम काढतात: धागा ठरावीक अंतराने जाड होईल अशी यंत्राची मांडणी असते. तेच सूत विणून ‘खादी लूक’ म्हणून विकतात. म्हणजे सगळ्यांत गाठीगाठींचं कापड कदाचित गिरणीचंच निघायचं.

तरी हातात आलेलं कापड पाहायचं असेल तर कडेचा एक आडवा धागा हातभर ओढून काढा आणि पांढऱ्या कागदावर सरळ ठेवा. जाड ठिकाणांची लांबी आणि त्यांच्यातलं अंतर पुन्हा पुन्हा तेच दिसत असेल तर संशयाला जागा आहे. तसं दिसलं नाही म्हणून मात्र खादी ठरत नाही, कारण आताची यंत्रं अनियमित गाठीही काढतात.

किनार पाहिली तर आणखी थोडं कळतं. हातमागावर धोट्यातला धागा कडेला वळून परत येतो, त्यामुळे किनार सलग असते. किनारीला कापलेल्या टोकांची झालर असेल तर कापड बिनधोट्याच्या मागावर विणलेलं आहे, म्हणजे ती खादी नव्हे, विषय संपला. सलग किनार मात्र जुन्या पॉवरलूमवरही येते, कारण तिथेही धोटाच असतो. पन्ह्याचंही तसंच आहे: ५८-६० इंची पन्हा हातमागावर क्वचितच निघतो, तेव्हा एवढ्या पन्ह्याची ‘खादी’ स्वस्तात मिळत असेल तर सावध व्हा.

दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळून पाहणारेही असतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी तयार होतो. ही परीक्षा फक्त भेसळ दाखवते. गिरणीचं शुद्ध सूत त्यात सहज उत्तीर्ण होतं. खादी भांडारात पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्रणाचं पॉलीवस्त्र त्याच नावाने उघड विकतात, ते जाळून ‘फसवलं’ म्हणू नका.

थोडक्यात, कापड बघून ‘ही खादी नाही’ असं कधीकधी सांगता येतं. ‘ही खादीच आहे’ असं नुसत्या नजरेने आम्हीही सांगू शकत नाही. त्यासाठी टॅग लागतो.

चार खुणा, चार अर्थ

खादी मार्क ही आयोगाची खूण. २०१३ च्या खादी मार्क नियमांनुसार खादी म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडावर हा टॅग किंवा लेबल असणं बंधनकारक आहे. हातकताई आणि हातविणाई या दोन्हींची हमी फक्त हीच खूण देते.

हँडलूम मार्क २००६ पासून आहे. तो सांगतो की कापड हातमागावर विणलं आहे, सुताबद्दल काही सांगत नाही. कर्नाटकात पाट्यांवर आणि टॅगवर ‘कैमग्ग’ असा कानडी शब्द दिसतो, त्याचा अर्थ हातमाग. कानडी न वाचणारे आपले लोक तो खादीचाच शिक्का समजून बसतात. प्रियदर्शिनी ही कर्नाटकच्या सरकारी हातमाग महामंडळाची दुकानं. तिथला माल अस्सल हातमागाचा असतो, पण हातमाग म्हणून.

इंडिया हँडलूम ब्रँड २०१५ चा. तोही हातमागाचाच, दर्जाची चाचणी करून दिलेला. सिल्क मार्क रेशीम शुद्ध आहे एवढं सांगतो, विणाई यंत्रावरची असली तरी मिळतो. ‘खादी सिल्क’ म्हणून साडी दाखवली आणि तिच्यावर फक्त सिल्क मार्क असेल, तर त्या साडीतला ‘सिल्क’ हा शब्द सिद्ध झाला, ‘खादी’ नाही.

‘खादी कॉटन’, ‘साऊथ खादी’, ‘स्लब खादी’, ‘लिनन खादी’ हे शब्द कुठल्याही खुणेत येत नाहीत. ती व्यापाऱ्यांनी ठेवलेली नावं आहेत.

तिरंगा आहे म्हणजे खादी आहे, हेही आता धरून चालू नका. ध्वजसंहितेत डिसेंबर २०२१ मध्ये बदल झाला, तेव्हापासून यंत्रावर विणलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. खादीचाच हवा असेल तर हुबळीजवळच्या बेंगेरीत खादीचे ध्वज तयार होतात, त्यासाठी विचारा.

बिल वाचायची रीत

आमच्या मते ही सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आहे. आयोग किंवा आयोगाचं प्रमाणपत्र असलेल्या संस्था आणि दुकानं जी खादी कापड म्हणून, मीटरवर विकतात, तिच्यावर जीएसटी शून्य आहे. गिरणीच्या किंवा नुसत्या हातमागाच्या सुती कापडाला तो ५ टक्के लागतो.

समजा, तुम्ही कुर्त्यासाठी ३ मीटर कापड घेतलंत. दर मीटरला २२० रुपये, म्हणजे ६६० रुपये. बिलावर माल म्हणून ‘खादी शर्टिंग’ आणि खाली केंद्राचा १६.५० आणि राज्याचा १६.५० कर, एकूण ६९३. हे बिल स्वतःच सांगतं की गडबड आहे: एकतर दुकानाकडे प्रमाणपत्र नाही, किंवा दुकानदाराने आपल्या हिशेबात हे साधं सुती कापड धरलं आहे आणि खादी हा शब्द तुमच्यासाठी लिहिला आहे. ‘कर लागतो मग खादी कशी?’ एवढं विचारा आणि उत्तर ऐका.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही खूण फक्त मीटरवर घेतलेल्या कापडाला लागू आहे. शिवलेला तयार कुर्ता, जाकीट यांवर खरी खादी असली तरी जीएसटी लागतो, तेव्हा तिथे करावरून निष्कर्ष काढू नका. दुसरं, बिलावर कर नाही म्हणजे खादीच, असंही नाही. कच्च्या चिठ्ठीवर कर नसतोच. बिल छापील हवं, त्यावर दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक आणि मालाच्या रकान्यात ‘खादी’ हा शब्द हवा. नुसतं ‘कापड’ किंवा ‘शर्टिंग’ लिहिलेलं बिल पुढे तक्रारीत कामाला येत नाही.

थानातून कापून घेतलेल्या तुकड्याला बहुधा टॅग नसतो, तो थानाला असतो. म्हणून कापायच्या आधी थान उलगडून टॅग दाखवायला सांगा आणि मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. टॅगवर संस्थेचं नाव कोणतं आणि बिलावर कोणतं, हे ताडून पाहा. भांडारात दुसऱ्या संस्थेची खादीही असते, त्यामुळे नावं वेगळी असली तरी हरकत नाही. दोन्हीपैकी एकही नाव यादीत नसेल तर हरकत आहे.

यादी कुठली? आयोगाच्या kvic.gov.in या संकेतस्थळावर प्रमाणपत्र असलेल्या संस्थांची माहिती मिळते, आणि ऑनलाइन घ्यायचं असेल तर khadiindia.gov.in हे आयोगाचं स्वतःचं दुकान आहे. खादी भांडारात प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. त्यावरची मुदत वाचा, कारण प्रमाणपत्र संपतं आणि काढूनही घेतलं जातं. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने मुंबईतल्या एका फार जुन्या संस्थेचं प्रमाणपत्र रद्द केलं. तिच्या दुकानात खादीच्या नावाखाली दुसरा माल विकला जातो, असा ठपका होता. तेव्हा ‘आमचं पन्नास वर्षांचं दुकान आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

जवळच जायचं तर बेळगाव तालुक्यातलं हुदली हे खादीचं जुनं गाव आहे. गंगाधरराव देशपांड्यांमुळे तिथे हे काम रुजलं, आणि १९३७ साली गांधीजी तिथे येऊन राहिले होते. मैदानावर आठ-दहा दिवस लागणाऱ्या ‘खादी प्रदर्शना’त मात्र प्रत्येक गाळा वेगळा तपासा. फलक सगळ्यांवर एकच असतो, प्रमाणपत्र सगळ्यांकडे असेलच असं नाही, आणि प्रदर्शन उठल्यावर विक्रेता सापडत नाही.

फसवणूक झालीच तर बिल, टॅगचा फोटो आणि कापडाचा न कापलेला हातभर तुकडा जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खादी नावाच्या गैरवापराची तक्रार आयोगाकडेही करता येते.

आमच्याकडे शिवायला देताना

खादी आणि खादीसारखं कापड सारखं आटत नाही. शिवायच्या आधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवून आणा, किंवा आम्हाला तसं सांगा, आम्ही भिजवू. त्यासाठी दोन दिवस जास्त लागतात. बिल सोबत असेल तर दाखवा.

शिवून झाल्यावर कॉलरच्या आत खादी मार्कचं लेबल लावून द्या, असं काही जण सांगतात. ते लेबल लावायचा अधिकार नोंदणी असलेल्यांचाच आहे, आमच्याकडे ती नोंदणी नाही. कापड खरं असलं तरी आम्ही ते लावून देणार नाही. आतून साधी पट्टी येईल.