पी-मूल्याचे वाचन कसे करावे : विपणन संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

सर्वेक्षणाची माहिती विश्लेषणासाठी आमच्याकडे आणणारे बहुतेक विद्यार्थी सरासरी आणि टक्केवारीपर्यंत निर्धास्त असतात, पण पी-मूल्यापाशी अडतात. आकडेमोड संगणक करत असल्यामुळे तिची अडचण क्वचितच येते. आलेला आकडा वाचायचा कसा, हे मात्र उमगलेले नसते. म्हणून या पत्रकात आम्ही एकच उदाहरण घेतले आहे.

समजा, एका साबणाचे जुने आणि नवे वेष्टन शेजारी शेजारी ठेवून १०० ग्राहकांना त्यांतील एक निवडण्यास सांगितले आणि ६० जणांनी नवे निवडले. एवढ्यावरून ‘नवे वेष्टन अधिक पसंत आहे’ असे लिहिता येईल का? शंका अशी, की दोन्ही वेष्टने सारखीच पसंत असली तरी १०० जणांत पसंती बरोबर ५०-५० अशी विभागली जाईलच असे नाही. नाणे शंभर वेळा उडवले तर छापही नेमका पन्नास वेळा क्वचितच पडतो.

ही शंका नीट मांडली की शून्य परिकल्पना तयार होते : सर्व ग्राहकांमध्ये दोन्ही वेष्टनांची पसंती सारखी आहे, म्हणजे नवे निवडले जाण्याची शक्यता ०.५ आहे. पर्यायी परिकल्पना म्हणते, की ही शक्यता ०.५ नाही. दोन्ही विधाने सर्व ग्राहकांविषयी आहेत, समोरच्या १०० जणांविषयी नाहीत. त्या १०० जणांचे उत्तर तर आपल्या हातात आहेच, त्याची परीक्षा कशाला घ्यायची? गणित शून्य परिकल्पनेपासून सुरू होते, कारण ०.५ हा ठरलेला आकडा तीच देते. ‘०.५ नाही’ या विधानात ०.५१ बसते आणि ०.९ सुद्धा, त्यामुळे त्यावरून थेट काही मोजता येत नाही.

आता शून्य परिकल्पना घटकाभर खरी माना आणि हेच सर्वेक्षण १०,००० वेळा केले अशी कल्पना करा. त्यांपैकी सुमारे २८४ वेळा नव्याला ६० किंवा अधिक मते पडतील आणि तितक्याच वेळा ४० किंवा कमी. आपल्या निकालाइतका किंवा त्याहून अधिक कललेला निकाल अशा रीतीने सुमारे ५६९ वेळा येईल. म्हणून आपले पी-मूल्य ०.०५६९. एक्सेलमध्ये एका बाजूचा आकडा असा मिळतो :

```
=1-BINOM.DIST(59,100,0.5,TRUE)
```

उत्तर ०.०२८४४ येते, त्याची दुप्पट म्हणजे आपले पी-मूल्य. सूत्रात ५९ आहे, कारण ५९ पर्यंतची शक्यता वजा केल्यावर ६० आणि त्यापुढची उरते. येथे ६० घातल्यास ०.०१७६ येते. तुमचे उत्तर तसे आले असेल, तर चूक बहुधा हीच आहे.

सार्थकता पातळी, म्हणजे पी-मूल्य जिच्याखाली आल्यास शून्य परिकल्पना नाकारायची ती मर्यादा, ०.०५ ठरवली असेल, तर ०.०५६९ हे मूल्य तिच्या किंचित वर आहे, त्यामुळे शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. नाकारता आली नाही म्हणजे ती सिद्ध झाली असे नव्हे. पुरावा पुरेसा नाही, इतकेच. वीसांत एक ही मर्यादा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली सोयीची म्हणून मांडली होती, तिच्यात निसर्गनियमासारखे काही नाही. आमच्या मते ०.०४९ आणि ०.०५१ यांत फरक मानून वेगवेगळे निर्णय सुचवणारा अहवाल वाचकाची दिशाभूल करतो.

नेमक्या अशा वेळी ‘नवे अधिक पसंत आहे’ अशी एकतर्फी पर्यायी परिकल्पना घेण्याचा मोह होतो, कारण मग पी-मूल्य ०.०२८४ राहते आणि निकाल ‘सार्थ’ ठरतो. दिशा सर्वेक्षणापूर्वी ठरवली असेल, तर यात गैर काही नाही. मते मोजून झाल्यावर ठरवली, तर मात्र ०.०५ ही पातळी नावापुरतीच उरते, कारण जुन्याला ६० मते पडली असती तर आपण तितक्याच तत्परतेने उलटी दिशा धरली असती.

सर्वांत अधिक आढळणारी चूक वाचनातली आहे. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ५.७ टक्के आहे’ असे वाक्य पुष्कळ प्रकल्पांत असते आणि ते चुकीचे आहे. ती परिकल्पना खरी मानूनच हा आकडा काढला, मग तिच्या खरेपणाची शक्यता त्यातून कशी निघेल? फरक किती मोठा आहे, हेही पी-मूल्य सांगत नाही. १०,००० जणांपैकी ५,२०० जणांनी नवे निवडले, तर पी-मूल्य ०.०००१ पेक्षा कमी येते, पण पसंती असते ५२ टक्केच. तेवढ्यासाठी वेष्टन बदलायचे की नाही, हा निर्णय व्यवसायाचा आहे. शिवाय नवे वेष्टन प्रत्येक वेळी उजव्या हातालाच ठेवले असेल, तर पसंती वेष्टनाला मिळाली की जागेला, हे कोणतेही पी-मूल्य ओळखू शकत नाही.

आमच्याकडे माहिती पाठवताना दोन्ही परिकल्पना, चाचणीची दिशा आणि सार्थकता पातळी हे सर्व कधी ठरवले त्या तारखेसह लिहून पाठवावे, तसेच वेष्टने कोणत्या क्रमाने दाखवली तेही कळवावे.